मुंबईत धो धो, आरिकात थेंब नाही : समुद्राचे प्रवाह काय करतात

2023 चा ऑगस्ट आठवतोय ना? पेरण्या झाल्या होत्या, पिकं गुडघ्याला लागली होती आणि पाऊस गायब झाला. देशभराच्या नोंदी 1901 पासून ठेवल्या आहेत. त्या सगळ्या नोंदींमधला तो सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला. गटाच्या बैठकीत तेव्हा कर्जाच्या हप्त्यांपेक्षा आभाळाचीच चर्चा जास्त. आणि टीव्हीवर रोज एक शब्द, एल निनो. कुठे तरी दूर, दक्षिण अमेरिकेत, पेरू नावाच्या देशाजवळ समुद्र तापलाय म्हणे (पेरू म्हणजे आपलं फळ नव्हे, देशाचंच नाव आहे ते). तिथलं पाणी तापलं तर इथे आपली सोयाबीन का वाळावी, हा प्रश्न तेव्हा बऱ्याच जणींनी विचारला होता.

त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. आधी तो समुद्र तापलेला नसतो तेव्हा कसा असतो, ते बघावं लागतं. आणि ते बघायला आपण जाऊ या आरिका नावाच्या गावाला.

आरिका हे चिली देशातलं शहर, पेरूच्या सीमेला अगदी लागून. मैत्रिणींनो, जगाचा नकाशा किंवा मुलांचा पृथ्वीगोल घरात असेल तर काढा. पृथ्वीच्या बरोबर मधोमध विषुववृत्त असतं, म्हणजे पोटावर बांधलेल्या करदोड्यासारखी रेघ. आपली मुंबई त्या रेघेच्या वर साधारण 19 अंशांवर आहे. आरिका त्या रेघेच्या खाली साधारण साडेअठरा अंशांवर. म्हणजे रेघेपासून दोघींचं अंतर जवळजवळ सारखंच, आणि वर्षाकाठी सूर्यही सारखाच तापतो. आणखी गंमत बघा. मुंबईच्या पश्चिमेला समुद्र, पूर्वेला सह्याद्री. आरिकाच्याही पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला अँडीज नावाचा डोंगर, तोही सह्याद्रीपेक्षा कितीतरी उंच. दोन सख्ख्या बहिणी म्हणाव्यात इतकं साम्य.

आता पाऊस बघू. मुंबईत वर्षाला 2000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आरिकात? सरासरी एक मिलिमीटरसुद्धा नाही. ऑक्टोबर 1903 ते जानेवारी 1918 एवढ्या काळात तिथे मोजण्याजोगा थेंबही पडला नाही. चौदा वर्षं! पावसाशिवायचा सर्वात लांब काळ म्हणून जगाच्या नोंदवहीत तो लिहिला गेलाय. तिथे जन्मलेलं मूल आठवी-नववीत गेलं असेल, तरी त्याने पाऊस पाहिला नसेल. हवाही वेगळी. मुंबईचं वर्षाचं सरासरी तापमान 27 अंशांच्या आसपास, आरिकाचं 19 च्या आसपास. ऐन समुद्रकाठी, एवढ्या उन्हाच्या पट्ट्यात, आणि घामाच्या धारा नाहीत.

दोघींमध्ये एवढा फरक पडतो, कारण दोघींच्या अंगणातलं पाणी वेगळं आहे. मुंबईचा समुद्र कोमट, मे महिन्यात तर 30 अंशांपर्यंत जातो. आरिकाचा समुद्र हिवाळ्यात 16 अंशांपर्यंत उतरतो.

पाणी एवढं महत्त्वाचं का, ते आपल्याला चुलीवर कळतं. रिकामा तवा ठेवला की मिनिटभरात तापतो, उतरवला की लगेच निवतो. तेवढ्याच आचेवर पाण्याचं पातेलं ठेवा. तापायला वेळ लागतो, पण एकदा तापलं की बराच वेळ गरम राहतं. पाणी उष्णता पोटात साठवतं आणि हळूहळू देतं. समुद्राचं वरचं जेमतेम तीन मीटर पाणी, म्हणजे आपल्या विहिरीतलं दोन पुरुष खोल पाणी, तेवढंच घेतलं तरी त्यात पृथ्वीवरच्या सगळ्या हवेइतकी उष्णता मावते. म्हणून किनाऱ्यावरची हवा शेजारच्या पाण्याचं ऐकते, आणि त्यात ते पाणी एका जागी बसून राहिलेलं नसतं.

समुद्रात पाण्याच्या वाटा असतात. त्यांना काठ नसतात, पण पाणी ठरलेल्या दिशेने वाहत राहतं, शेकडो-हजारो किलोमीटर. यांनाच सागरी प्रवाह म्हणतात. मुख्य जोर वाऱ्याचा. विषुववृत्ताकडे ऊन जास्त, ध्रुवांकडे कमी. त्यामुळे काही प्रवाह तिथलं गरम पाणी थंड मुलखाकडे नेतात आणि काही थंड मुलखातलं गार पाणी इकडे आणतात. बदली भरून एका घरातलं गरम पाणी दुसऱ्या घरी न्यावं, तशी ही उष्णतेची वाहतूक. युरोपात नॉर्वेचा किनारा इतका उत्तरेला आहे की तिथे समुद्र गोठायला हवा, पण अटलांटिक महासागरातून येणाऱ्या कोमट पाण्यामुळे तिथली बंदरं भर हिवाळ्यात उघडी असतात. त्याच उंचीवरच्या दुसऱ्या किनाऱ्यांवर तेव्हा बर्फ असतो. चिली-पेरूच्या किनाऱ्यावर याच्या उलटं घडतं. तिथे दक्षिणेकडून, बर्फाळ अंटार्क्टिकाच्या बाजूने गार पाणी किनाऱ्याला धरून वर उत्तरेकडे येतं. त्या प्रवाहाला हंबोल्ट प्रवाह म्हणतात.

हंबोल्ट हे जर्मन अभ्यासक. 1802 साली ते पेरूच्या किनाऱ्यावर गेले, पाण्यात तापमापक बुडवला आणि समुद्र हवेपेक्षा कितीतरी गार आहे हे आकड्यात लिहून ठेवलं. पुढे लोकांनी प्रवाहाला त्यांचं नाव दिलं. त्यांना स्वतःला ते फारसं रुचलं नव्हतं. हा प्रवाह इथल्या कोळ्यांच्या पोरांनाही शेकडो वर्षांपासून माहीत आहे, मी फक्त मोजला, असं त्यांचं म्हणणं होतं. मला हा माणूस यासाठी आवडतो. आपल्याकडेही कोळणीला आणि शेतकरणीला जे ठाऊक असतं ते वहीत उतरेपर्यंत कुणी ज्ञान म्हणत नाही.

पण फक्त दक्षिणेकडून आलेलं पाणी, एवढ्यावर तो समुद्र इतका गार राहिला नसता. वाटेत ऊन आहेच की. खरी करामत पुढे आहे.

विहिरीत पोहायला शिकलेल्या बायांना हे लगेच कळेल. वर पाणी कोमट असतं, पण बुडी मारली की पायाला एकदम गार लागतं. समुद्राचंही तसंच. ऊन वरच्या थराला तापवतं, खाली अंधारात पाणी थंडच. आता चिली-पेरूच्या किनाऱ्यावर वारा वर्षातला बहुतेक काळ दक्षिणेकडून उत्तरेकडे, किनाऱ्याला समांतर वाहतो. हा वारा वरचं पाणी ढकलतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे ढकललेलं पाणी सरळ जात नाही, ते वळतं. विषुववृत्ताच्या खालच्या अर्ध्या भागात डावीकडे वळतं, आपल्या वरच्या भागात उजवीकडे. उत्तरेकडे तोंड करून उभ्या राहा आणि डावा हात पसरा. हात पश्चिमेला गेला ना? तिथे पश्चिमेला खुला समुद्र आहे. म्हणजे वरचं कोमट पाणी किनाऱ्यापासून दूर, खोल समुद्राकडे सरकतं. मग किनाऱ्यापाशी जी जागा रिकामी होते, ती कोण भरणार? खालचं गार पाणी वर येतं. दुधावरची साय चमच्याने एका बाजूला ओढली की खालचं दूध दिसतं, तसंच. शंभर-दोनशे मीटर खोलवरून हे पाणी सतत वर येत राहतं, आणि ऊन कितीही असलं तरी किनाऱ्याचा समुद्र तापू शकत नाही.

याचा एक फायदा असा, की समुद्राच्या तळाकडे मेलेल्या जिवांचा सडलेला भाग साठलेला असतो. गार पाण्याबरोबर ते खतही वर येतं. खत आणि ऊन एकत्र आलं की सूक्ष्म शेवाळ माजतं, आणि ते खायला मासळी येते. पेरूच्या पाण्यात आंचोवेता नावाची बोटभर मासळी लाखो टनांनी मिळते. आपल्या मांदेलीच्याच जातकुळीतली. ती वाळवून तिची कुटी करतात, आणि कोंबड्यांच्या आणि मत्स्यशेतीच्या खाद्यात ती जगभर जाते. आपल्याकडेही पावसाळ्यात केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्याला वाऱ्यामुळे खालचं गार पाणी असंच वर येतं, आणि त्याच पट्ट्यात तारली-बांगडा चांगला पोसतो. पण आपल्याकडे हा खेळ मोसमापुरता. तिथे तो जवळजवळ बारमाही.

आता मूळ प्रश्नाकडे या. समुद्र गार, तर पाऊस का नाही? गार पाण्याचं बाष्प कमी होतं हे एक कारण. पण बाष्प अगदीच नसतं असं नाही. तिथली हवा दमट असते. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे, आणि ते आपण थंडीत रोज सकाळी बघतो. पौषातल्या पहाटे चुलीचा धूर वर जात नाही. गावावर आडवा पसरून राहतो, जणू वर कुणी झाकण ठेवलंय. कारण जमिनीलगतची हवा रात्री गार झालेली असते, गार हवा जड, आणि तिच्यावर थोडी उबदार हवा बसलेली असते. जड हवा हलकीच्या वर चढत नाही. ऊन आलं, जमीन तापली, की झाकण उघडतं आणि धूर मोकळा होतो.

आरिकाच्या किनाऱ्यावर हे झाकण बहुतेक काळ बसलेलंच असतं. खाली गार समुद्र हवेला गार ठेवतो, वर उबदार कोरडी हवा. दमट हवा हजार-बाराशे मीटरपर्यंत चढते आणि तिथे अडकते. पाऊस पडायला ढग उंच वाढावा लागतो. कोकणात पावसाळ्यात गरम समुद्रावरून आलेली बाष्पाने भरलेली हवा सह्याद्रीला धडकते, वर वर चढते, गार होते आणि बरसते. तिथे अँडीज समोर उभा आहे, पण हवा त्याच्या पायथ्याशीच झाकणाखाली दबून राहते. मग काय होतं? ढग चपटा राहतो, पाऊस होत नाही, नुसतं धुकं. चिलीत त्या धुक्याला कामांचाका म्हणतात, पेरूत बारीक भुरभुरीला गारुआ. पेरूची राजधानी लिमा इतकं मोठं शहर, पण हिवाळ्यात महिनोन्‌महिने आभाळ राखाडी, कपडे वाळत नाहीत आणि पाऊस मात्र नाही.

एक खुलासा करायला हवा, नाहीतर सगळं खापर प्रवाहावर फुटेल. त्या पट्ट्यात उंचावरची हवा मुळातच खाली उतरत असते, आणि अँडीजच्या पलीकडचा ॲमेझॉनच्या जंगलाचा पाऊस डोंगर अडवतो. तो किनारा या दोन कारणांनीही कोरडा राहिला असता. गार प्रवाहाने त्याला इतका कोरडा केला की चौदा वर्षं थेंब पडू नये, आणि वर धुकं दिलं, ते वेगळंच.

या धुक्याचीच एक गोष्ट सांगते, कारण ती पाणी भरणाऱ्या बायांची आहे. आरिकापासून बरंच दक्षिणेला, त्याच किनाऱ्यावर चुंगुंगो नावाचं कोळ्यांचं छोटं गाव आहे. वस्ती साडेतीनशेच्या आसपास. गावात पाणी नाही, टँकर दुरून यायचा, महाग आणि बेभरवशाचा. गावामागे एल तोफो नावाचा डोंगर, सुमारे 800 मीटर उंच, आणि त्याच्या माथ्यावर ते अडकलेलं धुकं रोज येऊन टेकायचं. डोक्यावरून पाणी वाहत जातंय आणि घागर कोरडी, अशी अवस्था.

1987 च्या सुमारास चिलीच्या अभ्यासकांनी परदेशी मदतीने त्या माथ्यावर जाळ्या उभ्या केल्या. जाळी कसली, तर आपण रोपवाटिकेवर घालतो ना शेडनेट, त्याच प्रकारची, 35 टक्के सावलीची, दुहेरी लावलेली. दोन खांबांमध्ये 12 मीटर लांब आणि 4 मीटर उंच ताणायची, वाऱ्याला आडवी. धुक्याचे कण इतके बारीक असतात की ते खाली पडत नाहीत, वाऱ्याबरोबर आडवे जातात. जाळीच्या धाग्याला आपटतात, चिकटतात, एकमेकांत मिसळून थेंब होतो आणि थेंब ओघळतो. वाऱ्याने दोन जाळ्या एकमेकींवर घासल्या की थेंब लवकर सुटतो, म्हणून दुहेरी. खाली पन्हळ, पन्हळीतून नळी, नळीतून उतारावरून गावच्या टाकीत. पंप नाही, वीज नाही.

हिशोब करून बघू या, गटाच्या वहीत करतो तसा. एका जाळीचं क्षेत्र 12 गुणिले 4, म्हणजे 48 चौरस मीटर. तिथे एका चौरस मीटरला दिवसाला सरासरी 3 लिटर पाणी मिळालं. 48 त्रिक 144, म्हणजे एका जाळीचे दीडशे लिटरच्या थोडे आत. शंभरच्या आसपास जाळ्या होत्या, म्हणजे दिवसाला साधारण 15,000 लिटर. आपल्याकडच्या बऱ्याच टँकरपेक्षाही जास्त. साडेतीनशे माणसांना वाटलं तर माणशी 40 लिटरच्या वर. पण सरासरी हा शब्द फसवा असतो. धुकं दाट आलं त्या दिवशी याच्या कितीतरी पट, आणि धुकं वर-खाली सरकलं तर शून्य. त्यामुळे खरा जीव टाकीत होता. चांगल्या दिवसाचं पाणी वाईट दिवसासाठी साठवायचं. 1992 मध्ये नळाने पाणी गावात आलं. लोकांनी परसात भाजीपाला लावला.

आणि मग दहा-बारा वर्षांत हे सगळं मोडलं. धुकं आटलं नव्हतं. ज्यांनी जाळ्या लावल्या त्या बाहेरच्या संस्था निघून गेल्या. वाऱ्याने जाळी फाटते, दोर ढिला होतो, पन्हळीत माती बसते. ते रोजच्या रोज बघणारा माणूस हवा आणि त्याला पैसे देणारी समिती हवी. ती घट्ट बसली नाही. पाणी आलं म्हणून वस्ती वाढली, मागणी वाढली, आणि गावाला वाटायला लागलं की जाळीचं पाणी म्हणजे गरिबाचं, आपल्याला शहरासारखी पाइपलाइन हवी. दुरुस्ती कुणाची यावर एकमत झालं नाही. टँकर परत आला. आपल्याकडच्या किती नळयोजनांची हीच कथा आहे, ते तुम्हाला मी सांगायला नको.

हे वाचून कुणी म्हणेल, आपणही महाबळेश्वरला किंवा आंबोलीला अशा जाळ्या लावू. पण सह्याद्रीत दाट धुकं कधी असतं? पावसाळ्यात, जेव्हा पाण्याला तोटा नसतो. एप्रिल-मे मध्ये हंडा घेऊन फिरायची वेळ येते तेव्हा धुकं नसतं. आपला समुद्र कोमट, म्हणून तसं बारमाही झाकण आपल्याकडे बसत नाही. मग जाळी करून काय उपयोग?

आता एल निनो. वर सांगितलेली सगळी घडी वाऱ्यावर बसलेली आहे. त्या प्रशांत महासागरात विषुववृत्ताच्या आसपास वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात, म्हणजे दक्षिण अमेरिकेकडून इंडोनेशियाकडे. ते वरचं तापलेलं पाणी पश्चिमेकडे ढकलत राहतात. त्यामुळे इंडोनेशियाच्या बाजूला गरम पाण्याचा मोठा साठा होतो, आणि पेरूच्या बाजूला खालचं गार पाणी वर यायला वाट मिळते. काही वर्षांनी एकदा हे वारे मंदावतात. ताटात पाणी एका बाजूला कलतं करून धरलंय आणि हात सैल सोडला, तर ते परत येतं. तसं गरम पाणी पूर्वेकडे, पेरूच्या दिशेने सरकतं. तिथे गरम पाण्याचा थर इतका जाड होतो, की खालून वर ओढलं जाणारं पाणीही आता गार राहत नाही. साय ओढली, तरी खाली सायच.

पेरूच्या कोळ्यांना हे कधीपासून माहीत होतं. नाताळच्या सुमारास पाणी कोमट व्हायचं आणि मासळी जायची, म्हणून त्यांनी त्याला बाळ येशूचं नाव दिलं, एल निनो, म्हणजे मुलगा. मासळी जाते, कारण खत वर येत नाही. 1970 साली पेरूत 1 कोटी 20 लाख टनांच्या घरात आंचोवेता निघाली होती. आधीच उपसा अती झाला होता, त्यात 1972 चा एल निनो आला, आणि 1973 मध्ये मासेमारी 20 लाख टनांच्या आसपास कोसळली. आणि आभाळाचं झाकण? समुद्र गरम झाला की तेही उघडतं. पेरूच्या उत्तरेकडच्या वाळवंटात 1998 साली इतका पाऊस झाला, की वाळवंटात प्रचंड मोठं तळं साचलं. पावसाची सवय नसलेल्या मातीच्या घरांचं काय झालं असेल, ते वेगळं सांगायला नको. जिथे समुद्राचं पाणी काही अंशांनी बदलतं, तिथे वाळवंटाचा पूर होतो.

आणि आपला पाऊस? गरम समुद्रावर हवा वर चढते, हे आपण पाहिलं. एका जागी हवा वर चढली की दुसरीकडे कुठेतरी ती खाली उतरावीच लागते. एरवी सर्वात गरम पाणी इंडोनेशियाकडे, म्हणजे आपल्या बाजूला असतं. हवा तिथे चढते. एल निनोच्या वर्षी गरम पाणी प्रशांत महासागराच्या मध्याकडे सरकतं, हवा चढण्याची जागाही तिकडे सरकते, आणि आपल्या बाजूला हवा खाली उतरण्याकडे कल वाढतो. उतरणारी हवा म्हणजे झाकणच. ढग वाढत नाहीत, मोसमी वारे अशक्त होतात. 2002, 2009, 2015 ही आपल्याकडची कोरडी वर्षं एल निनोचीच होती, आणि 2023 चा तो ऑगस्टही.

पण एल निनो म्हणजे दुष्काळ, असं समीकरण कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. 1997 चा एल निनो गेल्या शतकातल्या सर्वात जोरदारांपैकी एक होता. सगळे घाबरले होते. आणि आपल्या देशाचा त्या वर्षीचा पाऊस सरासरीएवढा, किंबहुना थोडा जास्तच पडला. उलट 2009 चा एल निनो त्यापेक्षा सौम्य, पण पाऊस सरासरीच्या 78 टक्केच. कारण आपल्या पावसावर आपल्या शेजारच्या समुद्राचाही हक्क आहे. हिंदी महासागराचा आफ्रिकेकडचा भाग इंडोनेशियाकडच्या भागापेक्षा जास्त तापला, तर त्याची आपल्याला मदत होते, आणि 1997 साली तसंच झालं होतं. कधी तर फक्त पेरूच्या किनाऱ्यापुरतंच पाणी तापतं. 2017 च्या मार्चमध्ये तिथे पूर आले, पियुरा शहर पाण्यात गेलं, पण महासागराचा मधला भाग तापलेला नव्हता, आणि आपल्याकडे त्या वर्षी पाऊस सरासरीच्या जवळपास झाला.

म्हणून बातमी ऐकताना तीन गोष्टींकडे कान द्या. पहिली, पाणी कुठलं तापलंय. आपल्यासाठी पेरूच्या काठापेक्षा महासागराच्या मधल्या पट्ट्याचा आकडा महत्त्वाचा. तिथलं पाणी सरासरीपेक्षा अर्धा अंश किंवा जास्त गरम होऊन काही महिने तसंच राहिलं, तरच त्याला एल निनो म्हणतात. अर्धा अंश म्हणजे आपल्या हाताला कळणारही नाही, पण एवढ्या मोठ्या पाण्यात ती प्रचंड उष्णता आहे. दुसरी, हिंदी महासागराबद्दल काय म्हटलंय. आणि तिसरी, बातमी कधीची आहे. हवामान खातं मोसमी पावसाचा पहिला अंदाज एप्रिलमध्ये देतं आणि मेच्या अखेरीस सुधारून देतं. मार्च-एप्रिलमध्ये प्रशांत महासागर पुढे काय करणार हे ओळखणं शास्त्रज्ञांनाही सर्वात अवघड जातं. तेव्हा केलेले अंदाज बरेचदा फिरतात. त्यामुळे बियाणं कमी कालावधीचं घ्यायचं की नेहमीचं, आंतरपीक म्हणून तूर धरायची की नाही, गटाकडून खरिपासाठी किती उचल घ्यायची, हा विचार एप्रिलच्या बातमीवर पक्का करू नका. मेअखेरचा अंदाज येईपर्यंत थांबलं तर पेरणीला उशीर होत नाही. आणि तो अंदाजही देशाचा किंवा मोठ्या विभागाचा असतो. आपल्या शिवारात जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस उघडीप देईल का, हे त्यात नसतं. त्यासाठी जिल्ह्याचा कृषी सल्ला येतो, तो बघावा लागतो.